विक्री किंमत आणि सूट माहीत आहे, छापील किंमत कशी काढायची?

एका बॅगेच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलंय: १५ टक्के सूट, सूट वजा जाता किंमत ६८०. छापील किंमत खोडलेली आहे आणि ती वाचता येत नाही. मग ती किती असेल?

हा प्रश्न पहिल्यांदा सोडवणारे बरेच जण ६८० चे १५ टक्के काढतात. ते येतात १०२. मग १०२ मिळवून ७८२ असं उत्तर देतात. यात वरकरणी काही खटकत नाही, कारण १५ टक्के कमी केले होते ते परत घातले. पण ७८२ ही छापील किंमत धरून सूट पुन्हा देऊन बघा. ७८२ चे १५ टक्के म्हणजे ११७.३०, ते वजा केले की ६६४.७० उरतात. चिठ्ठीवर तर ६८० आहेत. म्हणजे ७८२ हे उत्तर चुकीचं आहे, आणि पंधरा-वीस पैशांनी नव्हे, चांगलंच चुकलेलं आहे.

टक्के कशाचे, हे आधी ठरवा

टक्का कधी एकटा नसतो. तो नेहमी कशाचा तरी असतो, आणि सूट ही छापील किमतीची टक्केवारी असते, विक्री किमतीची नव्हे. बॅगेवर दिलेली १५ टक्के सूट आपल्याला न दिसणाऱ्या त्या मोठ्या किमतीवर दिलेली आहे. आपण मात्र १५ टक्के काढले ते समोर दिसणाऱ्या लहान किमतीचे. आधार बदलला की तेच पंधरा टक्के वेगळी रक्कम होतात. वजा झाली ती मोठ्या आकड्याची पंधरा टक्के आणि परत घातली ती लहान आकड्याची, तेव्हा ती कमी पडणारच.

म्हणून मागे जाताना सूट किती गेली हे बघण्यापेक्षा किती उरलं हे बघायचं. छापील किंमत कितीही असो, तिला आपण १०० टक्के म्हणतो. त्यातून १५ टक्के गेले, ८५ टक्के उरले. आणि उरलेले हे ८५ टक्के म्हणजेच चिठ्ठीवरचे ६८०. हे वाक्य कागदावर लिहून काढा, अगदी शब्दांत: «छापील किमतीचे ८५ टक्के म्हणजे ६८०». नवशिक्याने हे वाक्य न लिहिता थेट आकडेमोडीला हात घालू नये असं माझं मत आहे. सगळी चूक किंवा सगळं बरोबर इथेच ठरतं, पुढे नुसता भागाकार उरतो.

आता पायऱ्या. पहिली, १०० मधून सूट वजा करा: १०० − १५ = ८५. दुसरी, विक्री किमतीला त्या उरलेल्या आकड्याने भागा: ६८० ÷ ८५ = ८. हा आठ म्हणजे छापील किमतीचा एक टक्का. तिसरी, त्याला शंभराने गुणा: ८ × १०० = ८००. छापील किंमत ८००. आणि चौथी पायरी, जी गाळू नये: पडताळा. ८०० चे १५ टक्के १२०, ८०० − १२० = ६८०. जुळलं.

शाळेत एकमान पद्धत शिकवतात ती हीच. पंच्याऐंशी टक्क्यांची किंमत माहीत आहे, त्यावरून एका टक्क्याची काढली, मग शंभर टक्क्यांची. एका ओळीत मांडायचं तर असं:

```
छापील किंमत = विक्री किंमत × १०० ÷ (१०० − सूट)
```

उदाहरण सरळ होतं म्हणून भागाकार निःशेष गेला. तसं न झालं तरी रीत तीच राहते. सूट २२ टक्के आणि विक्री किंमत ३५१ असेल तर ७८ टक्के म्हणजे ३५१. एक टक्का ३५१ ÷ ७८ = ४.५, आणि छापील किंमत ४५०. एक टक्का दशांश चिन्हानंतर लांबतच जाणार असं दिसलं, तर आधी शंभराने गुणून मग भागावं: ३५१०० ÷ ७८. मधल्या पायरीवर आकडा कापून टाकला तर तो फरक शेवटी शंभरपट होऊन समोर येतो, आणि मग बरोबर रीत वापरूनही पडताळा जुळत नाही.

परत मिळवण्याची चूक किती मोठी असते

ही चूक टिकून राहण्याचं एक कारण आहे: लहान सुटीत ती दिसतच नाही. छापील किंमत १०० धरून बघू. ५ टक्के सूट दिली की ९५ उरतात. ९५ चे ५ टक्के ४.७५, ते मिळवले की ९९.७५. शंभराच्या इतकं जवळ उत्तर आल्यावर कोणाला शंका येणार? आकडा पूर्ण करताना तो पाव टक्का गिळलाही जातो. १० टक्के सुटीत उत्तर ९९ येतं. २० टक्क्यांत ८० + १६ म्हणजे ९६. ३० टक्क्यांत ७० + २१ म्हणजे ९१. आणि ५० टक्क्यांत ५० + २५ म्हणजे अवघे ७५. निम्म्या किमतीत मिळालेल्या वस्तूची मूळ किंमत दुप्पट असणार हे कोणालाही कळतं, त्यामुळे तिथे ही चूक कोणी करत नाही. होते ती मधल्या सुटींमध्ये, दहा ते चाळीस टक्क्यांत, जिथे अंदाज लगेच इशारा देत नाही.

कमी पडणारी रक्कम पाहा: १० ला १, २० ला ४, ३० ला ९, ५० ला २५. सुटीला दहाने भागून त्याचा वर्ग केला की छापील किमतीच्या किती टक्के उत्तर कमी पडेल ते मिळतं. आपल्या बॅगेवर हे लावा. १५ भागिले १० म्हणजे १.५, त्याचा वर्ग २.२५, आणि ८०० चे २.२५ टक्के म्हणजे १८. आधीचं चुकीचं उत्तर ७८२ होतं, ८०० पेक्षा नेमकं १८ ने कमी. दुसऱ्या कोणी काढलेलं उत्तर तपासायची वेळ आली आणि फरक असा वर्गाच्या हिशेबात बसला, तर त्याने कुठली चूक केली हे न विचारता कळतं.

साधे कॅल्क्युलेटरही ही चूक मोठ्या सफाईने करून देतात. बऱ्याच साध्या कॅल्क्युलेटरवर ६८०, अधिक, १५ आणि टक्क्याचं बटण दाबलं की ७८२ येतात. यंत्र चुकत नाही. त्याला ६८० चेच १५ टक्के मिळवायला सांगितलंय, ते त्याने मिळवले. छापील किंमत हवी असेल तर टक्क्याच्या बटणाला हात न लावता ६८० ÷ ०.८५ करावं, ८०० येतील.

मग ६८० वर किती टक्के मिळवले असते तर ८०० झाले असते? १२० ही रक्कम ६८० च्या सुमारे १७.६५ टक्के आहे. सूट १५ ची असली तरी परतीच्या वाटेवर साडेसतरापेक्षा थोडे जास्त टक्के लागतात. २० टक्के सूट भरून काढायला २५ टक्के लागतात, ५० ला १००, आणि ७५ टक्के सूट असेल तर विक्री किमतीत तिच्या ३०० टक्के मिळवावे लागतात. सूट वाढते तसा हा परतीचा दर झपाट्याने वाढतो. ही गोष्ट शेवटी पुन्हा लागणार आहे.

कागदाशिवाय: पाव आणि पाऊण

काही सुटी अपूर्णांकात नीट बसतात, आणि तिथे टक्के विसरून भागांत विचार केलेला बरा. २५ टक्के सूट म्हणजे पाव गेला, पाऊण उरला. पाऊण म्हणजे तीन पाव. विक्री किमतीचे तीन भाग करा, एक भाग म्हणजे छापील किमतीचा पाव, तो परत मिळवा. किंमत ५४० असेल तर एक भाग १८०, आणि छापील किंमत ७२०. सूट पावाची असली तरी भाग मात्र तीन करायचे. चार केलेत तर तीच जुनी चूक, फक्त अपूर्णांकाच्या वेषात.

२० टक्क्यांत पाचवा हिस्सा जातो आणि चार उरतात, म्हणून विक्री किमतीला चारने भागून एक भाग मिळवायचा: ६४० चे चार भाग १६० चे, छापील किंमत ८००. साडेबारा टक्क्यांत आठवा हिस्सा जातो, सात उरतात. १०५० ला सातने भागून १५०, आणि छापील किंमत १२००. ४० टक्क्यांत पाचांतले दोन भाग जातात, तीन उरतात. ४५० च्या तिसऱ्या हिश्श्याला, म्हणजे १५० ला, पाचने गुणलं की ७५०. ३० टक्क्यांत दहा भागांतले सात उरतात, तेव्हा ५६० असतील तर एक भाग ८० आणि दहा भाग ८००.

१५ टक्क्यांनाही हे जमतं, वीस भागांतले तीन गेले आणि सतरा उरले असं धरायचं. पण सतराने तोंडी भागायची हौस असेल तरच. १८ किंवा ३७ सारख्या सुटींसाठी भागांच्या मागे न लागता दोन्ही बाजूंनी अंदाज बांधावा. विक्री किंमत ७३८ आणि सूट १८ टक्के असेल तर २० टक्क्यांच्या हिशेबाने ९२२ च्या आसपास येतात आणि १५ च्या हिशेबाने ८६८ च्या. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये, वरच्या आकड्याकडे झुकलेलं असणार. ७३८ ÷ ०.८२ केल्यावर ९०० येतात. असा अंदाज आधी मनात असला की कॅल्क्युलेटरवर बोट चुकून पडलेलं लगेच लक्षात येतं.

एकापेक्षा जास्त पायऱ्या असतील तेव्हा

बिलावर क्वचितच नुसती एक सूट असते. आता एक पूर्ण उदाहरण घेऊ. एका खुर्चीसाठी एकूण २०९५ भरले. तपशील असा: छापील किमतीवर २० टक्के सूट, मग १५० चं कूपन, उरलेल्या रकमेवर १० टक्के कर, आणि शेवटी ६० घरपोच आणून देण्याचे. छापील किंमत काढायची आहे.

इथे पहिलं काम आकडेमोडीचं नाही. घटना ज्या क्रमाने घडल्या त्या क्रमाने लिहून काढायच्या, प्रत्येक ओळीत एक क्रिया:

```
छापील किंमत
  × ०.८०     (२० टक्के सूट)
  − १५०      (कूपन)
  × १.१०     (१० टक्के कर)
  + ६०       (घरपोच)
  = २०९५
```

आता खालून वर चढायचं आणि प्रत्येक क्रिया उलटी करायची. मिळवलं होतं ते वजा करायचं, वजा केलं होतं ते मिळवायचं, गुणलं होतं तिथे भागायचं. ही रीत जुनी आहे. पाचव्या शतकाच्या अखेरीस आर्यभटाने ती विपरीत क्रिया म्हणून एका श्लोकात सांगितली: गुणक भाजक होतात, भाजक गुणक होतात, जे मिळवलं ते वजा आणि जे वजा केलं ते अधिक. बिलावरच्या हिशेबाला यापेक्षा जास्त गणित लागत नाही.

शेवटी ६० मिळवले होते, ते आधी काढले: २०९५ − ६० = २०३५. त्याआधी कर लागला होता, म्हणजे कराआधीच्या रकमेचे ११० टक्के झाले होते. २०३५ ÷ १.१० = १८५०. इथेही लक्ष द्या, २०३५ मधून त्याचे १० टक्के वजा केले तर १८३१.५० येतात आणि ते चूक आहे. सुटीत होती तीच गफलत, फक्त दिशा उलटी. त्याआधी कूपनाचे १५० गेले होते, ते मिळवले: २०००. आणि सर्वांत आधी सूट: २००० ÷ ०.८० = २५००. छापील किंमत २५००. पडताळा वरून खाली घ्या: २५००, २०००, १८५०, २०३५, २०९५.

क्रम का महत्त्वाचा ते कूपनाची जागा बदलून दिसतं. कूपन सुटीच्या आधी लागलं असं समजू. मग १८५० ला आधी ०.८० ने भागावं लागेल, २३१२.५० येतील, आणि त्यात १५० मिळवून छापील किंमत २४६२.५० निघेल. आकडे तेच, उत्तरात साडेसदतीसचा फरक. छापील किमती सहसा अशा अर्ध्यात अडकलेल्या नसतात. म्हणून असं वेडंवाकडं उत्तर आलं की सरळ पुन्हा वर जाऊन कूपन आधी होतं की नंतर हे तपासावं. वेडंवाकडं उत्तर हा चुकीचा पुरावा नाही, पण थांबून बघायला तेवढं कारण पुरेसं आहे.

सगळ्या क्रिया टक्क्यांच्याच असतील तर मात्र क्रमाने फरक पडत नाही, कारण गुणाकार कोणत्याही क्रमाने केला तरी तोच. तिथे वेगळीच चूक होते: सुटींची बेरीज. «३० टक्के, त्यावर आणखी १० टक्के» आणि अंतिम किंमत १८९०. घाईत असणारा ४० टक्के सूट धरतो, १८९० ÷ ०.६० करतो आणि ३१५० सांगतो. पण दुसरे १० टक्के छापील किमतीवर नाहीत, पहिली सूट जाऊन उरलेल्या ७० टक्क्यांवर आहेत. ७० चे ९० टक्के म्हणजे ६३. छापील किमतीचे ६३ टक्के म्हणजे १८९०, तेव्हा छापील किंमत ३०००. दोन सुटी मिळून ३७ टक्के झाल्या, ४० नव्हे.

तक्ता करायचा असेल तर

वस्तू पुष्कळ असतील तर हिशेब स्प्रेडशीटवर टाकलेला सोपा. विक्री किंमत B स्तंभात आणि सूट C स्तंभात असेल, तर सूत्र हे:

```
=B2/(1-C2)
```

हे सूत्र C2 मध्ये सूट 15% अशी, टक्क्याच्या चिन्हासह भरली असेल तरच चालतं, कारण तेव्हा प्रोग्रॅमला ती 0.15 दिसते. नुसते 15 लिहिले तर तो १ मधून १५ वजा करतो, छेद उणे चौदा होतो आणि ६८० च्या समोर उणे ४८.५७ येतं. किंमत उणे आली की दुसरीकडे चूक शोधत बसू नका, कारण बहुधा हेच असतं. नुसते आकडे भरायचे असतील तर सूत्र असं बदला:

```
=B2/(1-C2/100)
```

एकाच स्तंभात काही ठिकाणी 15% आणि काही ठिकाणी 15 असं भरलेलं असेल तर घोटाळा जास्त वाईट, कारण या दुसऱ्या सूत्रात 15% असलेली ओळ उणे होत नाही. तिथे सूट ०.१५ टक्के धरली जाते आणि ६८१.०२ असं वरवर बरं दिसणारं उत्तर येतं. विक्री किंमत आणि मूळ किंमत एकमेकींना जवळजवळ चिकटलेल्या दिसल्या तर C स्तंभातला तो खाना उघडून बघा.

टक्केवारीच पूर्ण केलेली असेल तर

आतापर्यंत आपण धरून चाललो की चिठ्ठीवरचा दर अचूक आहे. पुष्कळदा तो तसा नसतो. विक्रेता आधी दोन किमती ठरवतो आणि त्यांवरून टक्केवारी काढून पूर्णांकात लिहितो. तेव्हा ३७ टक्के म्हणजे ३६.६ असू शकतात, ३७.४ सुद्धा.

विक्री किंमत ४९९ आणि सूट ३७ टक्के असं लिहिलेलं आहे. रीतीप्रमाणे ४९९ ÷ ०.६३ म्हणजे ७९२.०६. अशी किंमत कोण छापेल? पडताळा तर जुळतो, मग चुकलं काय? रीत चुकलेली नाही, दिलेला दरच पूर्ण केलेला आहे. अशा वेळी एक उत्तर शोधू नये, दोन टोकं शोधावीत. दर जवळच्या पूर्णांकात लिहिला असेल तर खरी सूट ३६.५ पासून ३७.५ पर्यंत कुठेही असेल. ४९९ ÷ ०.६३५ म्हणजे सुमारे ७८५.८ आणि ४९९ ÷ ०.६२५ म्हणजे ७९८.४. छापील किंमत या दोहोंच्या मध्ये आहे, एवढंच म्हणता येतं. ७८९ बसते, ७९५ सुद्धा बसते.

७९९ मात्र बसत नाही, अगदी थोडक्यात. पण काही जण दशांशाचा भाग जवळच्या पूर्णांकात न नेता सरळ कापून टाकतात. मग ३७ म्हणजे ३७ पासून ३८ च्या आतलं काहीही, आणि टोकं होतात ७९२.०६ आणि ८०४.८. आता ७९९ नीट आत येते: ७९९ वर ३०० ची सूट म्हणजे सुमारे ३७.५५ टक्के, दशांश कापला की ३७. कोणती पद्धत वापरली आहे हे एका वस्तूवरून कळत नाही. त्याच विक्रेत्याच्या दोन्ही किमती दिसणाऱ्या दुसऱ्या एखाद्या वस्तूवर टक्के स्वतः काढून बघितले की कळतं.

सूट जितकी मोठी तितका हा पट्टा रुंद होत जातो. परतीचा दर झपाट्याने वाढतो असं वर म्हटलं, त्याचाच हा परिणाम. ९० टक्के सुटीत विक्री किंमत २०० असेल तर साधं उत्तर २०००. पण खरा दर ८९.५ ते ९०.५ मधला असू शकतो असं धरलं, तर छापील किंमत सुमारे १९०५ पासून २१०५ पर्यंत कुठेही निघते. दर पूर्ण करताना इकडेतिकडे झालेल्या अर्ध्या टक्क्याने दोनशेचा फरक पडला. विक्री किंमत पूर्ण करून लिहिली असेल तर तो फरकही ९० टक्के सुटीत दहापट होतो.

इथे एक साधा मार्ग आहे. चिठ्ठीवर किंवा पावतीवर किती रक्कम वाचली ते लिहिलं आहे का बघा. असेल तर टक्क्यांची गरजच नाही. विक्री किंमत आणि वाचलेली रक्कम यांची बेरीज हीच छापील किंमत, आणि ती नेमकी. ४९९ च्या चिठ्ठीवर ३०० वाचले असं असेल तर छापील किंमत ७९९, पट्टा वगैरे काही नाही. टक्केवारीचा उपयोग मग फक्त तपासणीपुरता.

«५० टक्क्यांपर्यंत सूट» असं लिहिलं असेल तर मात्र मागे जाताच येत नाही. तो दर या वस्तूचा नाही, सगळ्यांत जास्त सूट मिळालेल्या कुठल्यातरी वस्तूचा आहे. ४०० ला मिळालेल्या वस्तूची छापील किंमत फार तर ८०० असेल, एवढीच वरची मर्यादा त्यातून निघते. आणि जिथे दर नेमका आहे तिथेही भागाकाराने जी किंमत सापडते ती, जिच्यावर सूट लावली ती किंमत. वस्तू मागच्या महिन्यात त्या किमतीला विकली जात होती की नाही, हे त्या आकड्यांत नसतं. त्यासाठी जुनी पावतीच हवी.